मदत हवी आहे: धातुरूपांच्या तक्त्याच्या स्क्रीनशॉटवरून सरावाची वाक्यं कशी बनवायची?

वेंधळी_आई
नमस्कार मंडळी, मुलगा नववीत आहे, संपूर्ण संस्कृत घेतलंय आणि रूपं तोंडपाठ आहेत पण वाक्यात वापरायला सांगितलं की सगळं गडगडतं. म्हणून म्हटलं आपणच सरावाची वाक्यं काढून देऊ. पुस्तकाची पीडीएफ आहे पण त्यातून कॉपी केलं की जुन्या फॉन्टमुळे इंग्रजी अक्षरांची खिचडी येते, मग गम् धातूच्या लङ् चा तक्ता, तो भूतकाळवाला, त्याचा फोनवर स्क्रीनशॉट काढला, त्यातली अक्षरं फोननेच उचलून दिली, ती एक्सेलमध्ये टाकली आणि कर्ता, कर्म, क्रियापद जोडून वाक्यं पाडली. अर्ध्या तासात काम झालं म्हणून मी भलतीच खूश. हे बघा काय निघालं

```
अहं ह्यः विद्यालयं अगच्छत।
आवां ह्यः विद्यालयं अगच्छताम्।
त्वं ह्यः विद्यालयं अगच्छ:।
```

लेकाने वही बाईंना दाखवली आणि पानभर लाल गोल घेऊन आला, सगळंच चुकलंय म्हणे. मी आठवीनंतर संस्कृत सोडलं त्यामुळे मला नक्की काय चुकलं तेही कळत नाहीये. तक्ता तर पुस्तकातलाच आहे ना? असे अजून पंधरा-वीस तक्ते आहेत हो, हाताने किती करणार.

सेल_ए१
सोप्पंय. स्क्रीनशॉटच्या नादी लागूच नका, प्रत्यय ठरलेले असतात. एका खान्यात गच्छ, दुसऱ्यात ति, तः, न्ति, आणि & ने जोडायचं. लङ् साठी पुढे अ लावायचा. एकदा फॉर्म्युला केला की हजार धातू ओढून खाली आणा, तक्ता लागतोच कशाला.

डॉइच_पुणेकर
मी जर्मन शिकतोय, आमच्याकडे पण असेच तक्ते असतात. मी त्यांची फ्लॅशकार्डं केली, पुढे मी-तू-तो आणि मागे रूप. दोन महिन्यांत पक्कं झालं. तुम्ही पण वाक्यांच्या भानगडीत न पडता कार्डं करा ताई.

वेंधळी_आई
@डॉइच_पुणेकर अहो रूपं त्याला येतातच, झोपेतून उठवलं तरी म्हणेल. वाक्यात घालता येत नाहीत हाच तर प्रॉब्लेम आहे.

पंतोजी
ताई, तुमच्या पहिल्या वाक्यात तीन वेगवेगळ्या चुका आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणाहून आल्यात, म्हणून सुटं करून सांगतो. तीस वर्षं हेच लाल गोल काढलेत मी, तेव्हा बाईंवर रागावू नका.

पहिली चूक तुमची. मराठी व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे मी, संस्कृतात प्रथम पुरुष म्हणजे तो. मी म्हणजे उत्तम पुरुष. तुम्ही पहिल्या ओळीला अहं, आवां, वयं लावून मोकळ्या झालात. त्यातून काही पुस्तकं उत्तम पुरुषाची ओळ सगळ्यात वर छापतात आणि काही सगळ्यात खाली, त्यामुळे स्क्रीनशॉट काढताना डावीकडचा पुरुषाचा रकाना कापला गेला की नवख्या माणसाला ओळ ओळखायला काही राहतच नाही. तो रकाना घेऊनच फोटो काढा.

दुसरी चूक फोनची, आणि ही जास्त घातकी. शेवटच्या त चा पाय मोडलेला होता, तो उडाला. आता अगच्छत् म्हणजे तो गेला आणि अगच्छत म्हणजे तुम्ही सगळे गेलात. दोन्ही रूपं खरी आहेत, दोन्ही त्याच तक्त्यात आहेत, म्हणून चूक डोळ्याला टोचत नाही. तसंच अगच्छताम् म्हणजे ते दोघे गेले आणि अगच्छतम् म्हणजे तुम्ही दोघे गेलात, मध्ये फक्त एक काना. स्क्रीनशॉट जरा पुसट असला की काना गेलाच.

तिसरी अनुस्वाराची. विद्यालयं गच्छति बरोबर, पण लङ् ची रूपं अ ने सुरू होतात आणि पुढे स्वर असला की अनुस्वार चालत नाही, विद्यालयम् अगच्छत् असंच लिहायचं. तुम्ही वर्तमानकाळातलं कर्म उचलून भूतकाळात चिकटवलंत. अहं ह्यः मात्र ठीक आहे, पुढे ह आहे.

आणि तिसऱ्या ओळीत अगच्छ च्या पुढे विसर्ग नाहीये, कोलन आहे. छापल्यावर दिसत नाही म्हणून बाईंनी सोडलं असेल.

वेंधळी_आई
बापरे. म्हणजे विसर्ग आणि कोलन वेगळं असतं?? मी तर आयुष्यभर कोलनच टाइप करत आलेय 🙈

सेल_ए१
हो वेगळं, आणि एक्सेलला ते लगेच कळतं. शेवटचं अक्षर काय आहे त्याचा नंबर काढा

```
=UNICODE(RIGHT(B2,1))
```

2381 आला तर पाय मोडलेला आहे, 2307 म्हणजे खरा विसर्ग, 58 आला तर कोलन. @पंतोजी, लङ् मध्ये कुठे काय यायला पाहिजे ते सांगा, म्हणजे ताईंना संस्कृत न येताही तपासता येईल.

पंतोजी
हे बरं सांगितलंत, मला माहीत नव्हतं. गम् च्या लङ् मध्ये नऊ घरं, त्यातल्या पाच घरांत शेवटी पाय मोडलेला, एकात विसर्ग आणि तीन पूर्ण अक्षरं. पूर्ण तक्ता देतो, ताडून बघा

```
प्रथम   अगच्छत्   अगच्छताम्   अगच्छन्
मध्यम   अगच्छः    अगच्छतम्    अगच्छत
उत्तम   अगच्छम्   अगच्छाव     अगच्छाम
```

पाच, एक, तीन हा हिशोब पठ्, वद्, लिख् यांनाही असाच लागतो. आत्मनेपदाला नाही, तिथे तक्ता वेगळा. आणि काना गेला तर हा हिशोब काही सांगणार नाही, कारण ताम् आणि तम् दोन्हींचा पाय मोडलेलाच असतो. ती दोन घरं डोळ्यांनीच बघायची.

@सेल_ए१ पण तुमचा तो हजार धातूंचा फॉर्म्युला जरा आवरा. लट् मध्ये, म्हणजे वर्तमानकाळात, गच्छ ला ति जोडून चालेल, पण भविष्यकाळात गच्छ राहत नाही, गमिष्यति होतं, पा चं पिबति पण पास्यति, दृश् चं पश्यति पण द्रक्ष्यति. आणि पुढे नुसता अ लावलात तर उपविशति चं काय कराल?

सेल_ए१
अउपविशत्?

पंतोजी
उपाविशत्. अ उपसर्गाच्या आधी नाही, उपसर्ग आणि धातूच्या मध्ये बसतो. आगच्छति चं आगच्छत्, दिसायला जणू काही लागलंच नाही. इच्छति चं ऐच्छत्. म्हणून सांगतो, तक्ताच वापरावा.

सेल_ए१
ओके ओके शरणागती 😄 मग ताई निदान अक्षरं नीट उचला. कॉम्प्युटर असेल तर टेसरॅक्ट टाका, त्यात संस्कृतची भाषा-फाइल वेगळी घ्यावी लागते, आणि चालवताना ती सांगावीही लागते, नाहीतर ते इंग्रजी समजून वाचतं

```
tesseract takta.png takta -l san --psm 6
```

शेवटचा सहा म्हणजे सगळं एक सलग ठोकळा धरून ओळीओळीने वाच. आधी स्क्रीनशॉट झूम करून काढा, तक्त्याच्या उभ्या रेघा असतील तर कधीकधी त्या दंड किंवा काना म्हणून येतात, त्या पुसून टाका.

पंतोजी
नऊ शब्दांसाठी एवढा खटाटोप? हाताने टाइप केले तर पाच मिनिटं लागतील, आणि टाइप करताना आईचेही पाठ होतील.

सेल_ए१
वीस तक्ते आहेत म्हणाल्या ना सर. एकशेऐंशी शब्द.

रसिका_सांगली
मला वाक्यांबद्दल सांगायचंय. मी शिकवणीत हेच करते. पहिलं म्हणजे कर्ता नुसतं सर्वनाम ठेवू नका. "ते ह्यः ग्रामम् ____" यात पोरगं काय लिहील? ते म्हणजे अनेक मुलगेही आणि दोन मुलीही. ते बालकाः म्हटलं तर अगच्छन्, ते बालिके म्हटलं तर अगच्छताम्. दोन्ही बरोबर, मग तपासायचं काय. दुसरं, कर्माची एकच यादी सगळ्या धातूंना लावू नका, माझ्या एका शीटमधून जलं खादति निघालं होतं आणि वर्ग अर्धा तास हसत होता. प्रत्येक धातूला त्याची तीन-चार कर्मं त्याच ओळीत लिहून ठेवायची. आणि काळाचा शब्द तक्त्याबरोबर बांधून टाकायचा, लट् ला अद्य, लङ् ला ह्यः, भविष्यकाळाच्या लृट् ला श्वः.

तिसरं, रूपं तक्त्याच्या क्रमाने विचारू नका हो. पोरं मनात अगच्छत् अगच्छताम् अगच्छन् म्हणत बोटं मोजतात आणि बरोबर घरावर थांबतात, अर्थ बघतच नाहीत.

डॉइच_पुणेकर
हे मात्र अगदी खरं, मी अजूनही बोटं मोजतो.

सेल_ए१
क्रम मोडायला शेजारी एक रकाना RAND() चा करून त्यावर सॉर्ट मारा. आणि वाक्य जोडायला, तक्ता B2 ते D4 मध्ये आहे असं धरून, F मध्ये कर्ता, G मध्ये म् वालं कर्म, H मध्ये ओळीचा नंबर आणि I मध्ये वचनाचा

```
=F2&" ह्यः "&G2&" "&INDEX($B$2:$D$4,H2,I2)&"।"
```

बालकौ ला H मध्ये 1 आणि I मध्ये 2. प्रश्नपत्रिकेच्या रकान्यात INDEX च्या जागी रिकामी जागा टाका, उत्तरं बाजूला राहतील.

वेंधळी_आई
हे केलं, चाललं!! आता हे बघा

```
बालकौ ह्यः विद्यालयम् अगच्छताम्।
यूयं ह्यः विद्यालयम् अगच्छत।
अहं ह्यः विद्यालयम् अगच्छम्।
भवान् ह्यः विद्यालयम् अगच्छः।
```

शेवटचं मी स्वतः घातलं, आपण म्हणतो तसं आदराने.

पंतोजी
पहिली तीन सुंदर. चौथं चुकलं. भवान् चा अर्थ तुम्ही असला तरी क्रियापद तो चं लागतं, भवान् ह्यः विद्यालयम् अगच्छत्. शीटमध्ये भवान् आणि भवती समोर H मध्ये एकच लिहा, दोन नाही. नववीला हे विचारतातच असं नाही, पण आलंच आहे तर राहू द्या.

रसिका_सांगली
मी तर म्हणेन भवान् काढूनच टाका, आधी त्वम् पक्कं होऊ दे. आणि थोडी उलटी वाक्यं द्या, रूप द्यायचं आणि कर्ता विचारायचा. "____ ह्यः ग्रामम् अगच्छतम्।" यात युवाम् सोडून दुसरं काही बसतच नाही, तो काना बघितला नाही तर लगेच पकडला जातो.

पंतोजी
भवान् काढू नका. संभाषणात पहिल्या दिवसापासून तेच वापरतात.

रसिका_सांगली
संभाषण वेगळं, परीक्षा वेगळी सर.

वेंधळी_आई
तुमचं ठरेपर्यंत मी भवान् वेगळ्या शीटमध्ये ठेवते 😅 काल रात्री तीस वाक्यं उलटसुलट करून दिली. अगच्छत् आणि अगच्छत ची सगळी बरोबर आली, उलट्या वाक्यांत मात्र अगच्छतम् ला दोनदा तौ लिहिलंन. आज लभ् चा तक्ता घेतलाय, अलभत, अलभेताम्, अलभन्त असा आहे, यात पहिल्याच घरात शेवटी पूर्ण त आहे. हा फोनने पाय उडवलाय की मुळातच असा आहे?

पंतोजी
मुळातच असा. तेच आत्मनेपद. या तक्त्याचा हिशोब संध्याकाळी मोजून लिहितो, आत्ता नातवाला शाळेत सोडायचंय.