शब्दचर्चा : 'परतावा दर' आपणच देत असलो तर त्याला परतावा म्हणायचं का?

मार्केटयार्ड_सांगली : मंडळी, एक शब्द अडलाय. मी हळदीच्या अडतीत हिशोब बघतो आणि बाहेरून एमबीए करतोय, नोट्समध्ये 'वित्तपुरवठा प्रकारचे रोकड प्रवाह' असं आलंय आणि खाली एकच ओळ, की यात आयआरआरचा नियम उलटा होतो. आता आयआरआर म्हणजे अंतर्गत परतावा दर, तो आपल्या भांडवलाच्या दरापेक्षा जास्त असला की प्रकल्प घ्यायचा, एवढं पाठ आहे. उलटा म्हणजे काय, कमी असला की घ्यायचा? आणि मग त्याला 'परतावा' का म्हणायचं? मराठीत दुसरा शब्द आहे का कुठला?

गणपतीपेठ : उलटा बिलटा काही नसतं रे. आयआरआर जास्त तेवढं चांगलं, जगात सगळीकडे. नोट्स छापणाऱ्याने गडबड केली असेल.

पतसंस्था_निवृत्त : गडबड नाही, बरोबर छापलंय. नेहमीच्या प्रकल्पात आधी पैसा जातो आणि मागाहून येतो, म्हणजे तुम्ही घालणारे. इथे आधी पैसा हातात येतो आणि मागाहून देत बसायचं, म्हणजे तुम्ही घेणारे. दर तोच निघतो, कारण सगळ्या आकड्यांची चिन्हं उलटी केली तरी आयआरआरचं गणित बदलत नाही, ते शून्याला जुळवायचं समीकरण आहे आणि शून्याला चिन्ह नसतं. बदलतं ते एवढंच की तो दर तुम्हाला मिळतोय की तुमच्याकडून जातोय. आणि आपल्या खिशातून जाणारं व्याज जास्त असावं असं कोण म्हणेल?

मार्केटयार्ड_सांगली : काका, हे तत्त्व म्हणून पटतंय पण आकड्यात दिसलं पाहिजे. आमच्या यार्डात एक भिशी आहे त्यावरच विचारतो. दहा जण, महिन्याला प्रत्येकी १०,०००, दहा महिने. लिलाव नाही, तक्ता ठरलेला आहे, पहिल्या नंबरला ९१,००० मिळतात, मग प्रत्येक नंबरला २,००० वाढत जातात आणि शेवटच्याला १,०९,०००. हप्ता सगळ्यांचा सारखाच, ज्या दिवशी उचलायची त्या दिवशीचाही भरायचाच. मला पहिला नंबर मिळतोय. घ्यावा का?

गणपतीपेठ : ९१ हजारामागे ९ हजार जातात, म्हणजे दहा टक्क्याच्याही आत. घेऊन टाक.

पतसंस्था_निवृत्त : दादा, ते ९ हजार वर्षभराच्या वापराचे नाहीत. उचलल्या दिवशीच त्यातले १० हजार परत गेले, म्हणजे हातात खरे ८१,००० आले. पुढच्या महिन्यापासून दरमहा १० हजार असे नऊ हप्ते. सरासरीने ती रक्कम पाचेक महिनेच तुमच्याकडे राहते. ८१,००० = नऊ हप्त्यांची आजची किंमत, असं लावलं की महिन्याला २.१६ टक्के येतात, साधं बारापट केलं तर वर्षाला २६ टक्के, चक्रवाढ धरलं तर २९ च्या वर.

आता पुढचं बघा. तुम्हाला पतसंस्थेतून १५ टक्क्यांनी कर्ज मिळत असेल तर महिन्याचा दर सव्वा टक्का. त्या दराने नऊ हप्त्यांची आजची किंमत ८४,६०० च्या आसपास. मिळतात ८१,०००. म्हणजे ३,६०० चा तोटा, भिशी नको, पतसंस्था बरी. पण समजा तुम्ही सावकाराकडून महिन्याला ३ टक्क्यांनी घेतलेले आहेत आणि ते फेडायला पैसा हवाय, तर तेच नऊ हप्ते ३ टक्क्यांनी ७७,९०० ला पडतात आणि ८१,००० हातात, ३,१०० चा फायदा. भिशीचा दर बदलला नाही, तुमचा बाहेरचा दर बदलला. बाहेरचा दर २.१६ च्या वर गेला की घ्यायची, खाली असला की सोडायची. नोट्समधलं 'उलटं' ते हेच.

मार्केटयार्ड_सांगली : म्हणजे नेहमीच्या प्रकल्पात दर वाढला की निव्वळ किंमत घसरते आणि इथे वाढते, कारण वाढत्या दराने लांबचे देणे हलके होत जातात आणि आलेले पैसे तर आजचेच आहेत. बरोबर?

पतसंस्था_निवृत्त : अगदी तेच. आलेख काढला तर चढता निघेल. पेपरात एवढं एक वाक्य लिहिलं तरी तपासणाऱ्याला कळतं की पोराला समजलंय.

विश्रामबाग_क्लास : मी या चर्चेत नवीन आहे, माझं थोडं वेगळं आहे पण पैसे आधी घेण्याचंच आहे म्हणून विचारते. माझा आठवी ते दहावीचा क्लास आहे, फी महिन्याला ४,०००, वर्षाचे ४८,०००. काही पालक म्हणतात ताई एकदम भरतो, ४२,००० करा. मला वाटतं की एकरकमी पैसा कधीही चांगला, हो म्हणून टाकावं, की यात पण हे आयआरआर लागतं? आणि जीएसटीचं काय होतं एकरकमी घेतल्यावर?

पतसंस्था_निवृत्त : जीएसटीचं तुमच्या सीएंना विचारा ताई. बाकी हो, हे तंतोतंत तेच आहे. पहिल्या महिन्याचे ४,००० तर तुम्हाला कसेही मिळणारच होते. म्हणजे एकरकमीमुळे आज जादाचे ३८,००० मिळाले आणि पुढचे अकरा महिने दर महिन्याचे ४,००० मिळणं बंद झालं. न मिळणं म्हणजे देण्यासारखंच धरा. महिन्याला अडीच टक्के पडतात. पालकाकडून तीस टक्क्यांनी कर्ज घेतल्यासारखं आहे. बँकेत पडून राहणार असेल तर देऊ नका सूट एवढी.

विश्रामबाग_क्लास : पण काका दिवाळीनंतर तीन-चार पोरं गळतात दर वर्षी, एकरकमी घेतलेली गळत नाहीत, आणि गळली तरी फी परत नाही. ते तुमच्या अडीच टक्क्यात कुठे आलं?

पतसंस्था_निवृत्त : नाही आलं. तिथे तुमचं बरोबर आहे, गळती धरली तर पुढचे ४,००० सगळे येणारच होते असं म्हणता येत नाही, मग तुम्ही सोडून देताय ते कमी आणि दर अडीचच्या खाली उतरतो. किती ते तुमच्या वहीवरून काढावं लागेल, माझ्याकडून नाही सांगता येणार.

कृष्णाकाठ_माई : मी यार्डातल्यासारख्याच भिशीत शेवटचा नंबर घेते नेहमी, मला घाई नसते. मग माझा पण नियम उलटा का?

मार्केटयार्ड_सांगली : माई तुमचा सरळ आहे. आमच्या तक्त्यावर तुम्ही नऊ महिने १०,००० भरता आणि दहाव्या महिन्याला स्वतःचा हप्ता वजा जाऊन ९९,००० घेता. मी काढलं, महिन्याला १.९ टक्के येतात. तुम्ही घालणाऱ्या, त्यामुळे जास्त दर तुम्हाला चांगला. एकाच भिशीत पहिल्याला व्याज पडतं आणि शेवटच्याला मिळतं.

कृष्णाकाठ_माई : मिळतं खरं, पण चालवणारा पळाला तर माझेच नऊ हप्ते जातात, पहिला तर घेऊन बसलाय. आमच्याकडं एकदा झालंय, नाव नाही घेत. तुझ्या १.९ मध्ये ती धाकधूक धरलीये का बाळा?

गणपतीपेठ : माईंचं बरोबर. म्हणून मी म्हणतो पहिला नंबर घ्यायचा, धोका शून्य, दर काहीही असो. आणि असल्या भिशीला १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी बिंदणी काही नसते, तक्रार कुणाकडे करणार?

पतसंस्था_निवृत्त : धोका नाही म्हणून २६ टक्के मोजायचे हे काही मला पटत नाही, पण असो.

आता मधल्या नंबरांचं कुणी विचारलंच नाही. पाचवा नंबर घ्या. चार महिने भरलं, पाचव्या महिन्याला ९९ मधून हप्ता जाऊन ८९,००० हातात, मग परत पाच महिने भरायचं. आधी घालणारा, मग घेणारा. हा सरळही नाही आणि उलटाही नाही.

मार्केटयार्ड_सांगली : काका मी एक्सेलमध्ये टाकलं आत्ता, A1 ते A4 मध्ये -10000, A5 मध्ये 89000, A6 ते A10 मध्ये परत -10000. काहीतरी विचित्र झालंय, पहिल्या सूत्राने १०.१६ टक्के आले आणि दुसऱ्याने २.५८. महिन्याला! चुकतंय काय?

```
=IRR(A1:A10)
=IRR(A1:A10,0.01)
```

पतसंस्था_निवृत्त : दोन्ही खरी आहेत. चिन्ह दोनदा बदललं, वजाचं अधिक आणि अधिकचं परत वजा, तर समीकरणाला दोन उत्तरं असू शकतात आणि इथे आहेत. एक्सेल अंदाज दिला नाही तर १० टक्क्यांपासून शोधायला लागतो, म्हणून जवळचं १०.१६ धरलं. तू ०.०१ दिलास तर २.५८ वर जाऊन थांबला. तो तुला दोन आहेत म्हणून सांगणार नाही, हे लक्षात ठेव. चिन्हं किती वेळा बदलतात ते आधी बोटाने मोजायचं. दोनदा बदलली की आयआरआर सोडून द्यायचा आणि आपल्या बाहेरच्या दराने निव्वळ किंमत काढायची:

```
=A1+NPV(0.0125,A2:A10)
```

हे सव्वा टक्क्याने वजा चारशेच्या आसपास येईल. ५ टक्के टाकून बघ, अधिक येईल. १२ टाक, परत वजा. मग इथे 'जास्त असला की घ्या' का 'कमी असला की घ्या'? दोन्ही नाही चालत.

गणपतीपेठ : म्हणजे मी म्हणत होतो तेच, आयआरआरवर जायचंच नाही 😄

मार्केटयार्ड_सांगली : तुम्ही अगदी उलटं म्हणत होता ओ. असो, मूळ शब्दाकडे येऊ. 'परतावा' ला मला अजून एक अडचण वाटते, आयकराचा परतावा म्हणजे पैसे परत येणं, आणि इथे आपण परत देतोय.

पतसंस्था_निवृत्त : यार्डात अडते काय म्हणतात ते तुलाच माहीत, 'व्याज काय पडलं?' असंच ना? मग घेणाऱ्याच्या बाजूला 'पडता दर' म्हण. परीक्षेत मात्र छापील शब्दच लिही.

विश्रामबाग_क्लास : पडता म्हणजे घसरता वाटतं हो ऐकायला, भाव पडला तसं. मला तर 'पडलेलं व्याज' जास्त कळतं.

कृष्णाकाठ_माई : आम्ही नुसतं 'कितीला पडली भिशी' म्हणतो. पण हे बघ, बाहेरचा दर म्हणजे नक्की कुठला धरायचा? माझे पैसे सात टक्क्यांच्या ठेवीत असतात, आणि लागले तर सोनं ठेवून जे व्याज पडेल ते. यातला कुठला?

पतसंस्था_निवृत्त : घेताना जिथून तुम्हाला खरोखर दुसरीकडून मिळालं असतं तो, म्हणजे सोन्यावरचा. ठेव मोडून भागत असेल तर ठेवीचा.

मार्केटयार्ड_सांगली : पण काका पुस्तकात तर एकच भांडवलाचा दर धरतात, घ्यायला आणि घालायला तोच. इथे माईंचे दोन झाले, मग पाचव्या नंबरवाल्याला पहिल्या चार महिन्यांना ठेवीचा आणि नंतर सोन्याचा असं करायचं का?

पतसंस्था_निवृत्त : करतात काही जण तसं. पण मग ठेवीचा दर कुठे संपतो आणि सोन्याचा कुठून सुरू होतो यावर वाद आहे, उद्या निवांत लिहितो, आत्ता लाईट गेलीय.