मदत हवी आहे: शेअर जप्त झाले, तरी कॉलचे पैसे भरायचे?

मंदार_प
शेअर बाजारात नसलेल्या एका कंपनीचे १० रुपये दर्शनी किमतीचे ६०० शेअर माझ्याकडे होते. अर्ज आणि वाटपाच्या वेळी मिळून शेअरमागे ५ रुपये भरले होते. मग अडीच रुपयांचा पहिला कॉल, म्हणजे बाकी रकमेतला पुढचा हप्ता भरायची कंपनीची मागणी, आला, मुदत ३० जून. तेव्हा वडील आजारी होते, माझ्याकडून भरायचं राहून गेलं. जुलैत नोटीस आली आणि २७ जुलैला संचालक मंडळाने ठराव करून शेअर जप्त केले. आता पत्र आलंय: "उरलेले ५ रुपये प्रतिशेअर, एकूण ३००० रुपये व्याजासह भरा." शेअरच गेले, तर पैसे कशाचे? आणि शेअर परत मिळण्याची काही वाट आहे का?

शुभदा कुलकर्णी
काळजी करू नका. कंपनी ते शेअर विकेल, स्वतःचं येणं वळतं करेल आणि उरलेले पैसे तुम्हाला देईल.

जयंतकाका
शुभदाताई, हे धारणाधिकाराखाली, म्हणजे थकलेल्या येण्यापोटी सभासदाच्या शेअरवर कंपनीचा जो हक्क असतो त्याखाली, शेअर विकतात त्याबद्दल खरं आहे. कंपनी कायद्यातल्या नमुना नियमावलीत, म्हणजे टेबल एफमध्ये, तिथे उरलेली रक्कम मालकाला द्यायची असं स्पष्ट लिहिलंय. जप्तीच्या कलमांत तसं काही नाही. जप्त शेअर कंपनीचा होतो आणि आधी भरलेले पैसेही जातात. कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमावलीत, वेगळी तरतूद असेल तरच मागता येईल.

मंदार, तुमचे ते ५ रुपये दोन भागांत बघा. सभासदत्व गेलं तरी जप्तीच्या दिवशी जे देणं होऊन बसलं होतं ते राहतं. म्हणजे पहिल्या कॉलचे १५०० आणि त्यावरचं व्याज. शेवटच्या अडीच रुपयांचा कॉल अजून काढलेलाच नाही ना? मग ते १५०० तुमच्याकडून मागता येत नाहीत. तुम्ही आता त्या शेअरचे सभासदच नाही.

अमेय_लेखा
पुन्हा विक्री करताना शेअर साडेसात रुपये भरलेला दाखवायचा असेल, तर ५ आधीच मिळालेत, म्हणून नव्या माणसाकडून निदान अडीच घ्यावेच लागतील. नोंदी हव्या असतील तर सांगा, मी लिहून देतो.

मंदार_प
अमेय, धन्यवाद, पण मी कंपनीच्या बाजूने नाही, शेअर गमावलेला माणूस आहे. काका, १५०० मी द्यायला तयार आहे. पण शेअर परत मिळतील का?

जयंतकाका
ती नोटीस समोर ठेवा आणि शब्दन् शब्द टाका इथे. सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

मंदार_प
नोटिशीवर तारीख १० जुलै. मजकूर: "कॉलची रक्कम, १ जूनपासूनचे व्याज व सर्व खर्च २४ जुलैपर्यंत भरावा, अन्यथा शेअर जप्तीस पात्र ठरतील." खर्च किती ते लिहिलेलं नाही. कॉलचा ठराव १ जूनचा होता. पाकीट आईने जपून ठेवलंय, त्यावर टपालाचा शिक्का १४ जुलैचा आहे.

जयंतकाका
त्या माऊलीला माझा नमस्कार सांगा. ते पाकीट हरवू देऊ नका.

टेबल एफप्रमाणे भरण्याची नवी तारीख नोटीस बजावल्यापासून १४ दिवस उलटण्याआधीची असता कामा नये. नोटीस टपालात पडली तीच १४ तारखेला. तिथून २४ म्हणजे १० दिवस. दुसरं, व्याज मुदतीच्या दिवसापासून धरतात, ठरावापासून नाही. १८७७ च्या जॉन्सन विरुद्ध लिटल्स आयर्न एजन्सी या इंग्लिश खटल्यात याच चुकीमुळे जप्ती रद्द झाली होती. तिसरं, "सर्व खर्च" म्हणजे किती? पब्लिक पॅसेंजर सर्व्हिस विरुद्ध खादर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की जप्ती टाळायला नेमके किती पैसे भरायचे, हे सभासदाला नोटिशीवरून कळलं पाहिजे. नोटिशीतली किरकोळ चूकही जप्ती मोडते.

फक्त कंपनीने टेबल एफ जसंच्या तसं घेतलंय की स्वतःची आर्टिकल्स केलीत, ते आधी तपासा.

रेवती
माझ्या मामांनीही असंच दाखवून दिलं होतं, पण तोवर शेअर तिसऱ्यालाच विकले होते. मग ते परत आलेच नाहीत.

जयंतकाका
रेवती म्हणते ते महत्त्वाचं. जप्तीच्या कारवाईत दोष असला तरी विकत घेणाऱ्याचा हक्क सहसा अबाधित राहतो, मग भांडण कंपनीशी नुकसानभरपाईचं उरतं. म्हणून घाई करा. विक्रीपूर्वी मंडळ स्वतःहून जप्ती रद्द करू शकतं. लेखी पत्र द्या: नोटिशीतले तिन्ही दोष, १५०० व ३० जूनपासूनचं व्याज भरायची तयारी, आणि निर्णय होईपर्यंत विक्री थांबवण्याची मागणी. ऐकलं नाही तर कंपनी कायद्याच्या कलम ५९ खाली सभासद नोंदवही दुरुस्त करायला न्यायाधिकरणाकडे अर्ज.

शुभदा कुलकर्णी
काका, माझी चूक कळली. पण समजा शेअर विकले गेले, तर विक्रीत आलेली रक्कम या १५०० मधून वजा नको का व्हायला? नाहीतर कंपनीला एकाच कॉलचे पैसे दोनदा मिळतील.

जयंतकाका
तुमचा मुद्दा मला पटतो. टेबल एफ एवढंच म्हणतं की कंपनीला पूर्ण पैसे मिळाले की देणं संपतं. ते पैसे कुणाकडून, यावर वाद होऊ शकतो. वकिलाला हा प्रश्न जरूर विचारा.

मंदार_प
कंपनीत फोन केला. शेअर अजून विकलेले नाहीत. पत्र आजच पोचपावतीच्या टपालाने पाठवतो, सोबत पाकिटाची छायाप्रत. आर्टिकल्सची प्रत मागवली आहे, आली की इथे टाकतो.