शब्दचर्चा : ‘अन्वय’ आणि ‘व्यतिरेक’, विषबाधेचं कारण शोधताना

केतकी
आरोग्यसेवकांसाठीच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेचं मराठी करते आहे. जेवणातून विषबाधा झाली की नेमका कोणता पदार्थ बाधला हे कसं शोधायचं, असं प्रकरण आहे. त्यात जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाच्या, कारण शोधण्याच्या दोन पद्धती येतात : आजारी पडलेल्या सगळ्यांत समान काय ते पाहणं, आणि आजारी व बरे यांच्यात फरक कशाचा ते पाहणं. तर्कशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत त्यांना ‘अन्वय पद्धती’ आणि ‘व्यतिरेक पद्धती’ म्हटलंय. पण माझ्या वाचकांना अन्वय माहीत आहे तो ‘कलम अमुक अन्वये’मधला, आणि व्यतिरेक बहुतेकांनी ऐकलेलाच नाही. हेच शब्द ठेवू की दुसरे शोधू?

तळटीप
हेच ठेवा. अन्वय म्हणजे अनु + इ, मागोमाग जाणं. श्लोकाचा अन्वय लावतो तेव्हा कुठला शब्द कुणाच्या मागे जातो तेच पाहतो. व्यतिरेकात रिच् धातू आहे, रिकामं होण्याचा. रिक्त, अतिरिक्त, व्यतिरिक्त ही सगळी त्याच घरातली. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, ही जोडी फार जुनी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसं सरोवर, हा व्यतिरेक. मिलने १८४३ साली हेच वेगळ्या भाषेत मांडलं. खरं तर दुसरी पद्धत ही पहिलीचीच उलटी बाजू आहे, त्यामुळे ‘अन्वय-व्यतिरेक’ असा एकच जोडशब्द पुरेल.

पांथस्थ
आमच्याकडे पुतणीच्या साखरपुड्यात असंच झालं होतं. रात्री चौदा जणांना उलट्या-जुलाब. सगळ्यांना विचारलं, प्रत्येकाने बासुंदी खाल्ली होती. म्हणजे बासुंदीच. केटररने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. याला अन्वयच म्हणायचं ना? मग केटररने मान्य न करणं हा व्यतिरेक?

घाटमाथा
पांथस्थ, नाही, मान्य-अमान्यशी याचा संबंध नाही. पण तुमचं उदाहरण उपयोगी आहे. त्या चौदा जणांनी वरणभातही खाल्ला असेल, पाणीही प्यायले असतील. ते का सुटले तुमच्या हातून? आणि जे आजारी पडले नाहीत त्यांना कुणी विचारलं का, बासुंदी खाल्ली होती का म्हणून? मी तालुक्याला काम केलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळा हीच चूक पाहिली. यादी फक्त आजाऱ्यांची करायची. तेवढ्यावर अन्वय सापडतो, पण एक नाही, पाच-सहा सापडतात.

आमच्या शिकवण्यात नेहमी येणारं प्रकरण सांगतो. १८ एप्रिल १९४०, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्विगो जिल्ह्यातलं लायकमिंग गाव. चर्चच्या तळघरात संध्याकाळचं सामूहिक जेवण होतं, साधारण ऐंशी माणसं. रात्रीतून अनेकांना मळमळ, उलट्या, जुलाब. तपास करणाऱ्यांनी पंचाहत्तर जणांना गाठलं. त्यांत सेहेचाळीस आजारी. पण त्यांनी बऱ्या असलेल्या एकोणतीस जणांनाही तेच प्रश्न विचारले, प्रत्येक पदार्थाबद्दल : खाल्ला का, नाही खाल्ला?

व्हॅनिला आइस्क्रीम ५४ जणांनी खाल्लं, त्यांतले ४३ आजारी. ज्या २१ जणांनी खाल्लं नाही त्यांतले फक्त ३ आजारी. आता हॅम बघा. खाणाऱ्या ४६ पैकी २९ आजारी, न खाणाऱ्या २९ पैकी १७. म्हणजे शंभरी ६३ आणि ५९. खाल्लं काय, न खाल्लं काय, सारखंच. पण फक्त आजाऱ्यांकडे पाहिलं असतं तर सेहेचाळीसपैकी एकोणतीस जणांनी हॅम खाल्लं होतं, आणि तेही गुन्हेगार वाटलं असतं.

तळटीप
पण हा काटेकोर अन्वय नव्हे. तीन जण आइस्क्रीम न खाता आजारी पडले आणि अकरा जण खाऊनही ठणठणीत राहिले. मिलच्या नियमाने व्हॅनिला बाद व्हायला हवं.

घाटमाथा
बरोबर पकडलंत. म्हणूनच प्रत्यक्षात आम्ही ‘सगळे’ आणि ‘कुणीच नाही’ यांऐवजी प्रमाण पाहतो, दर शंभरी किती. ८० विरुद्ध १४, एवढी दरी दुसऱ्या कुठल्या पदार्थात नव्हती. त्या तिघांतल्या एखाद्याने चमचाभर चाखलं असेल आणि विसरला असेल, एखाद्याचं पोट वेगळ्याच कारणाने बिघडलं असेल. वाचलेल्या अकरांनी कमी खाल्लं असेल, किंवा विष डब्यात सगळीकडे सारखं नसेल. हे अंदाज आहेत, त्या तिघांचं नक्की काय झालं ते कळलेलं नाही.

आणि तुमच्या ‘उलट्या बाजू’बद्दल. इथे माझा मतभेद आहे. स्वयंपाकघर आणि सरोवर यांत अग्नीचा फरक सोडला तर बाकी काय सारखं आहे? काहीच नाही. मिलची दुसरी पद्धत म्हणते की बाकी सगळं सारखं हवं, फक्त एका गोष्टीत फरक हवा. एकाच तळघरात, एकाच संध्याकाळी जेवलेले दोघे, एकाने व्हॅनिला घेतलं, दुसऱ्याने नाही. आजाऱ्यांची तुलना शेजारच्या गावातल्या निरोगी माणसांशी केली तर ती सरोवराची तुलना झाली. त्यातून पदार्थ सापडत नाही. फार तर जेवणात काहीतरी होतं एवढं कळतं.

केतकी
हे मला फार महत्त्वाचं वाटतंय. म्हणजे ‘व्यतिरेक’ या शब्दात अभाव आहे, पण ‘बाकी सारखं’ हा भाग नाही.

चकली
मग सरळ ‘समान धागा’ आणि ‘एकच फरक’ म्हणा की. ‘एकच’मध्ये बाकी सारखं असल्याचं आपोआप येतं. आशाताईंना हे दोन शब्द सांगितले की त्या उद्या कामाला लागतील.
एक शंका मात्र आहे. त्या जेवणात आइस्क्रीम एकाच चवीचं होतं का?

घाटमाथा
नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. चॉकलेटही होतं. ते खाणाऱ्या ४७ पैकी २५ आजारी, न खाणाऱ्या २७ पैकी २०. एकाची नोंद नाही. म्हणजे न खाणारेच जास्त आजारी! नुसता फरक पाहिला तर चॉकलेटने लोकांना वाचवलं असं वाटेल. पण चॉकलेट न घेणाऱ्याने बहुतेक व्हॅनिला घेतलेलं असणार. तिथे बाकी सारखं नव्हतंच. हे सोडवायचं तर व्हॅनिला न खाणाऱ्यांना वेगळं काढायचं आणि त्यांच्यातच चॉकलेटची तुलना करायची. चकली, ‘एकच फरक’ म्हणायला सोपं आहे, पण तो एकच आहे हे तपासावं लागतं.

पुढे प्रयोगशाळेत व्हॅनिलामध्ये स्टॅफिलोकॉकस जंतू प्रचंड संख्येने सापडले, चॉकलेटमध्ये थोडेच. दोन्ही मिश्रणं आदल्या दिवशी दुपारी दूध तापवून, अंडी-साखर घालून वेगवेगळी केली होती आणि रात्रभर झाकून चर्चच्या तळघरात ठेवली होती. मिश्रण करणाऱ्यांपैकी एकीच्या नाकात तोच जंतू मिळाला. तो रात्रभरात वाढतो आणि विष तयार करतो. मग आइस्क्रीम गोठवलं तरी विष जात नाही.

पांथस्थ
आमच्या बासुंदीचं आता काही करता येणार नाही, वर्षं झाली. पण एक आठवलं. माझ्या दोन्ही बहिणींना मधुमेह आहे, त्यांनी बासुंदी घेतली नव्हती आणि त्या बऱ्या होत्या. त्यांनी पुऱ्याही खाल्ल्या नव्हत्या, हे आत्ता लक्षात येतंय.

घाटमाथा
मग दोन फरक झाले. पुरी खाल्ली पण बासुंदी नाही, असा कुणी आठवतोय का?

तळटीप
घाटमाथा, सरोवराचा मुद्दा मान्य. तरी ‘अन्वय’ टाकून देऊ नये असं मला वाटतं. ‘व्यतिरेक’ला विशेषण जोडून ‘समस्थिती-व्यतिरेक’ करता येईल.

चकली
तो शब्द मला दोनदा वाचावा लागला.

केतकी
मी शीर्षकात ‘अन्वय’ आणि ‘व्यतिरेक’ ठेवते, मजकुरात ‘समान धागा’ आणि ‘एकच फरक’. आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात : जे आजारी पडले नाहीत त्यांचीही यादी करा. ‘समस्थिती’चा विचार करते आहे, अजून ठरत नाही.

पांथस्थ
धाकट्या भाच्याने पुऱ्या खाल्ल्या होत्या, त्याला दूध आवडत नाही. त्याला फोन करून विचारतो.