फ्रॉइडच्या 'इल्युजन'ला मराठीत भ्रम म्हणायचं का?

मुक्ता: टीवायबीएला आहे, धार्मिक अनुभवाच्या मानसशास्त्रीय उपपत्तींवर निबंध लिहितेय, कशाची बाजू भक्कम आणि कुठे टीका होते असं सगळं हवंय. फ्रॉइडपाशी अडकलेय. मी लिहिलं की "फ्रॉइडच्या मते धर्म हा भ्रम आहे म्हणजेच तो खोटा आहे", तर मॅडमनी 'भ्रम'खाली लाल रेघ मारून नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. इल्युजनला भ्रमच म्हणतात ना? पर्सेप्शनच्या धड्यात तर तसंच आहे.

निखिल_पी: भ्रम बरोबर आहे. फ्रॉइड कट्टर नास्तिक होता, त्याने धर्माला सरळ डिल्युजन म्हटलंय. बिनधास्त लिही.

खडूफळा: थांब मुक्ता, तसं लिहू नकोस. तुझी गडबड 'म्हणजेच'पासून पुढे आहे. फ्रॉइडने 1927 साली ज्या पुस्तकात धर्माला इल्युजन म्हटलं, त्याच पुस्तकात तो सांगतो की इल्युजन म्हणजे चूक नव्हे. शेणा-घाणीतून किडे आपोआप जन्मतात असं अ‍ॅरिस्टॉटलला वाटायचं, ती चूक. पण आपल्याला हिंदुस्थानाचा नवा सागरी रस्ता सापडला असं कोलंबसला वाटलं ते इल्युजन, कारण त्या समजुतीत त्याची इच्छा उघड काम करत होती. दुसरं उदाहरण मध्यमवर्गीय मुलीचं, राजपुत्र येऊन आपल्याला लग्न करून नेईल असं तिला वाटतं, आणि फ्रॉइड म्हणतो की क्वचित असं झालेलंही आहे. म्हणजे समजूत खरी की खोटी हे तो बाजूला ठेवतो आणि ती कुठून आली एवढंच विचारतो, इच्छेतून आली असली की इल्युजन. आपल्याकडे भ्रम म्हटलं की लगेच दोरीवरचा साप आठवतो, दिवा आणला की साप गेला, म्हणजे भ्रम हा ठरूनच खोटा. त्यामुळे 'भ्रम' लिहिलंस की वाचणाऱ्याला फ्रॉइड न बोललेलं ऐकू येतं.

आणि निखिल, तू म्हणतोस ते पूर्ण चूक नाहीये. 1927च्या पुस्तकातही काही धर्ममतं इतकी असंभाव्य आहेत की त्यांची तुलना डिल्युजनशी, म्हणजे वास्तवाच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या समजुतीशी, करता येईल असं तो म्हणतोच, आणि 1930च्या पुस्तकात तर सामूहिक डिल्युजन हाच शब्द वापरतो. पण ही दोन पावलं वेगळी आहेत, निबंधात ती एकात मिसळली की मार्क जातात.

माळकरी_बापू: मला यातलं फार कळत नाही पण बोलल्याशिवाय राहवत नाही. चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात माउलींचा अश्व शेजारून गेला तेव्हा मी कोण, बाजूचा कोण हेच कळेना, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अंगात भीती नावाला नव्हती. याला भ्रम म्हणणार का तुम्ही लोक? मला काही मागायचं नव्हतं, मग इच्छा कसली?

खडूफळा: बापू, मुक्ताचा प्रश्न धर्मातल्या समजुतींना काय म्हणावं हा आहे, तुमच्या अनुभवाला कोणी नाव ठेवत नाहीये. पण तुम्ही बोललात त्याच्या फार जवळचं एकाने फ्रॉइडलाच लिहून कळवलं होतं. रोमां रोलां हा फ्रेंच लेखक, त्याने 1927च्या डिसेंबरात पत्र लिहिलं की तुमचं धर्माबद्दलचं म्हणणं मला पटतं, पण धर्माचा खरा झरा तुम्ही बघितलाच नाही, मला कायम एक अमर्याद, समुद्रासारखी भावना जाणवते, तिचा कुठल्या पंथाशी वा मरणोत्तर जगण्याच्या आशेशी संबंध नाही. रोलां तेव्हा रामकृष्ण परमहंसांचा अभ्यास करत होता. फ्रॉइडने दीड-एक वर्षानंतर कळवलं की त्या पत्राने त्याला स्वस्थ बसू दिलं नाही, आणि 1930च्या पुस्तकाची सुरुवातच त्याने या भावनेपासून केली. तिथे तो कबूल करतो की मला स्वतःत ती सापडत नाही. मग त्याचं स्पष्टीकरण असं, की अंगावर पिणाऱ्या बाळाला मी आणि जग वेगळं कळत नाही, ही सीमा हळूहळू पडते, आणि काही माणसांत ती आधीची अवस्था मोठेपणीही शिल्लक राहते. पण धर्माचा उगम मात्र तो तिथे मानत नाही, तो मानतो पोराच्या असहायपणात आणि रक्षण करणाऱ्या बापाच्या ओढीत.

शांभवी: इथेच मला फ्रॉइड लंगडा वाटतो. रामकृष्णांचंच घ्या, सातव्या वर्षी वडील गेले, म्हणजे फ्रॉइडच्या हिशोबाने बापाची ओढ लागायला आयतं कारण. पुढे दक्षिणेश्वरला दर्शन होत नाही म्हणून तळमळून त्यांनी देवळातली तलवार उचलली, त्यानंतर जे झालं ते स्वतः सांगितलेलं आहे, घरं दारं देऊळ सगळं नाहीसं झालं आणि प्रकाशाच्या लाटा चहूबाजूंनी अंगावर धावून आल्या, शुद्ध हरपली, आणि शुद्धीवर येताना तोंडात शब्द 'मा'. यात असहायपणा आहे, तळमळ आहे, समुद्र पण आहे, पण बाप कुठे आहे? विठ्ठलालाही आपण विठाई, माउली म्हणतो. गंमत बघा, दुधाचं बाळ आणून फ्रॉइड स्वतःच आईपाशी पोचतो आणि धर्माचा विषय निघाला की पुन्हा बापाकडे वळतो. सुधीर कक्कर यांनी 1991च्या पुस्तकात रामकृष्णांचा मनोविश्लेषणाच्याच अंगाने अभ्यास केलाय पण आजार न मानता, निबंधात ते फार उपयोगी पडेल.

निखिल_पी: पण मग फ्रॉइडचं जमेला धरण्यासारखं काही आहे की नाही? इथे सगळे टीकाच करतायत.

खडूफळा: आहे की. एक तर तो अनुभव सांगणाऱ्याला खोटारडा ठरवत नाही, अनुभव आला हे मान्य करून तो कसा घडला ते सांगायला बघतो. दुसरं, सीमा विरघळते आणि तरी भीती वाटत नाही, हे बापूंनी सांगितलेलं एकत्र का येतं याचं त्याच्याकडे काहीतरी उत्तर तरी आहे, विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1902 साली अशा अनुभवांची लक्षणं फार नीट मांडली पण कारणाच्या बाबतीत हात आखडता घेतला. कच्चा दुवा बाळाचा आहे. बाळाला वेगळेपण कळत नाही हे फ्रॉइडने मोठ्यांच्या विश्लेषणातून मागे जाऊन ठरवलं, बाळं बघून नाही, आणि डॅनियल स्टर्नने 1985 साली अर्भकांच्या निरीक्षणांवरून मांडलं की जन्मापासूनच स्वतःची काहीएक जाणीव असते, सगळं एकजीव असण्याची अवस्था मुळात नसतेच. ते खरं असेल तर शिल्लक राहणार काय?

शांभवी: आणि जेम्सचा मुद्दा सोडू नकोस मुक्ता, अनुभव कुठून उगवला यावरून त्याची किंमत ठरत नाही. सेंट पॉलला झालेलं दर्शन म्हणजे नुसतं फेफरं असं म्हणून विषय संपवणाऱ्यांना त्याने चांगलंच झापलंय.

खडूफळा: पण शांभवी, हा मुद्दा फ्रॉइडवर जसाच्या तसा लावू नकोस. उगमावरून समजूत खोटी ठरते असं म्हणत नाही म्हणून तर त्याने इल्युजन शब्द वेगळा काढला. तो एवढंच म्हणतो की इच्छेशी जे इतकं तंतोतंत जुळतं त्याबद्दल सावध राहा.

शांभवी: कागदावर तसं म्हणतो हो, पण पुस्तक वाचताना निकाल आधीच लागलाय असं वाटत राहतं. हे मला नाही पटत.

मुक्ता: खूप धन्यवाद सगळ्यांना. मग शब्द काय लिहू? 'इच्छाजन्य समजूत' चालेल?

निखिल_पी: फार लांबलचक होतं. 'आभास' लिही.

खडूफळा: आभास नको, तो परत डोळ्यांना दिसण्याकडे जातो. 'इच्छाजन्य समजूत' मला चालेल, पहिल्यांदा लिहिताना कोलंबसचं उदाहरण जोड आणि डिल्युजनला वेगळा शब्द ठेव, फक्त तो तुमच्या पाठ्यपुस्तकात काय आहे ते बघून घे, कुठे संभ्रम असतं कुठे भ्रांती.

माळकरी_बापू: समजूत म्हणजे डोक्यातली गोष्ट झाली. रिंगणात माझं डोकं चालतच नव्हतं, त्याला कुठला शब्द?

शांभवी: बापू, रोलांची तक्रार अगदी हीच होती. त्याला तुमच्याकडे 'भाव' आहे ना, मी तरी निबंधात तोच वापरीन.