ॲक्रिलिकची जाड शीट थंड होतानाचा पायथन प्रोग्रॅम: सिरीजच्या उत्तराशी जुळत नाही, काय तपासू?

फोंड्याची_मेक
नमस्कार मंडळी. मी फर्मागुडीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी 40 मिमी जाडीची ॲक्रिलिकची शीट घेतली आहे. ती ओव्हनमध्ये सगळीकडून 80 अंशांवर आणायची, मग 30 अंशांच्या हवेत उभी टांगायची आणि आतलं तापमान वेळेनुसार काढायचं. दोन्ही बाजूंनी हवा सारखी लागते, म्हणून मध्यापासून पृष्ठभागापर्यंतचा अर्धाच भाग सोडवते आहे. L = 0.02 मी, k = 0.2, h = 10, अल्फा 1.15e-7, म्हणजे Bi बरोबर 1 येतो. मध्यापासून पृष्ठभागापर्यंत 10 भाग केलेत, r = 0.4 धरलाय, म्हणजे एक पायरी साधारण 14 सेकंदांची होते.

```python
for _ in range(steps):
    T[-1] = (k/dx*T[-2] + h*Tinf)/(k/dx + h)
    Tn = T.copy()
    Tn[1:-1] += r*(T[2:] - 2*T[1:-1] + T[:-2])
    Tn[0] += 2*r*(T[1] - T[0])
    T = Tn
```

Fo = 0.5 ला, म्हणजे 29 मिनिटांनी, प्रोग्रॅम मध्यभागी 67.93 देतो. सिरीजने 68.63 येतं. आलेख एकावर एक टाकले तर फरक डोळ्यांना दिसतही नाही आणि गाइड म्हणतात एक टक्क्याच्या आसपास आहे, चालेल. मला मात्र ते पटत नाही. एवढा फरक कितपत योग्य मानायचा, आणि नेमकं कुठे पाहू?

वास्कोचा_कोडर
एक्स्प्लिसिट पद्धत सोडून दे आणि क्रँक-निकोल्सन लाव. एक्स्प्लिसिटला वेळेतली अचूकता पहिल्याच दर्जाची असते, फरक तिथूनच येणार. `scipy.linalg.solve_banded` वापरलंस तर दहा ओळींत काम होतं.

म्हापशाचे_काका
पोरी, गाइडचं ऐकून थांबली नाहीस ते बरं केलंस. एक टक्का ठीक आहे की नाही हे एका आकड्यावरून कळतच नाही. भागांची संख्या दुप्पट कर आणि फरक कसा घटतो ते बघ. 10, 20, 40 असे तीन रन घे, r तोच ठेव, आणि प्रत्येक वेळी त्याच Fo ला मध्याचा फरक लिहून काढ. फरक दर वेळी चौथाई होत असेल तर पद्धत जशी चालायला हवी तशी चालते आहे. निम्माच होत असेल तर कुठेतरी पहिल्या दर्जाची चूक घुसली आहे, आणि ती बहुतेक वेळा कडेच्या नोडला असते. आणि घटता घटता एका आकड्यावर अडकून बसला तर सिरीज किंवा एखादा गुणांक चुकला आहे.

वास्कोवाल्या मित्रा, तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वेळेची चूक क्रँक-निकोल्सनने कमी होईल, पण ती इथे किती आहे ते आधी मोजलं पाहिजे.

फोंड्याची_मेक
काका, दोन्ही करून पाहिलं. क्रँक-निकोल्सनने फरक 0.69 ऐवजी 0.67 झाला, म्हणजे जवळपास काहीच हललं नाही. एक्स्प्लिसिटने 10 भागांना 0.69, 20 ला 0.34, 40 ला 0.17. चक्क निम्मा होत चाललाय.

कुंकळ्ळी_कोल्ड
मी मासळीच्या प्रक्रिया कारखान्यात कामाला आहे. आमच्याकडे बांगड्याचे ब्लॉक प्लेट फ्रीझरमध्ये घालतात, दोन्ही बाजूंनी थंड प्लेट. तुमचा प्रश्न अगदी आमचाच आहे. या प्रोग्रॅममध्ये आकडे बदलले तर ब्लॉक किती वेळात उणे 18 ला पोचेल ते कळेल का?

म्हापशाचे_काका
कुंकळ्ळीवाले भाऊ, तुमचा ब्लॉक गोठतो, ॲक्रिलिक गोठत नाही. मासळीत बहुतेक पाणीच, आणि ते उणे एक-दोन अंशांच्या आसपास बर्फ व्हायला लागलं की किलोमागे 334 किलोज्यूलच्या हिशेबाने उष्णता बाहेर काढावी लागते. त्या काळात तापमान जवळपास जागच्या जागी राहतं. शिवाय गोठलेला भाग न गोठलेल्यापेक्षा कितीतरी चांगला वाहक, त्यामुळे k सुद्धा एक राहत नाही. गोठायला सुरुवात होईपर्यंतचं थंड होणं या प्रोग्रॅमने निघेल, पुढचं नाही. पुढचा वेळ तो फार कमी दाखवेल आणि तुम्ही ब्लॉक लवकर बाहेर काढाल. याचा वेगळा धागा काढा, मी लिहितो.

आता मूळ प्रश्न. पोरी, तुझी `T[-1]` ची ओळ बघ. तिचा अर्थ असा की आतून जेवढी उष्णता पृष्ठभागाला आली तेवढी त्याच क्षणी हवेला गेली. समीकरण म्हणून ते खरं आहे, पण फक्त अगदी शून्य जाडीच्या पृष्ठभागासाठी. तुझ्या जाळीत शेवटच्या नोडच्या वाट्याला अर्धा भाग येतो, म्हणजे 1 मिमीचा थर, आणि त्या थरात साठलेली उष्णता तू कुठेच धरलेली नाहीस. 20 मिमीपैकी 1 मिमी म्हणजे 5 टक्के. तुझी शीट 5 टक्के हलकी झाली आहे, म्हणून ती लवकर थंड होते आणि मध्याचं तापमान कमी येतं. 20 भाग केलेस की हरवलेला थर अर्धा मिमी, 40 केलेस की पाव मिमी. फरक निम्मा निम्मा का होत गेला ते आता दिसेल. क्रँक-निकोल्सनने हे सुधारणं शक्यच नव्हतं, कारण हरवलेला थर वेळेच्या पायरीमुळे हरवलेला नाही.

त्या अर्ध्या भागाचा उष्णतेचा जमाखर्च मांड: आतून आली, हवेला गेली, उरली ती साठली. तुझी पहिली ओळ काढून टाक आणि `Tn[0]` च्या खाली ही घाल:

```python
Tn[-1] += 2*r*(T[-2] - T[-1] - (h*dx/k)*(T[-1] - Tinf))
```

मध्याच्या नोडलाही अर्धाच भाग आहे, आणि तिथे तू 2*r बरोबर घातला आहेसच. पृष्ठभागाला तोच नियम, फक्त हवेकडे जाणारी उष्णता जास्तीची.

वास्कोचा_कोडर
मान्य. पण मग r ची मर्यादा 0.5 च ना?

म्हापशाचे_काका
आतल्या नोडना 0.5. पृष्ठभागाच्या नोडला r*(1 + h*dx/k) हे 0.5 च्या आत ठेवावं, म्हणजे इथे r 0.45 पर्यंत. त्याच्या वर गेलं की लगेच प्रोग्रॅम फुटतो असं नाही, पण त्या नोडचं नवं तापमान काढताना त्याच्याच जुन्या तापमानाचा वाटा ऋण होतो आणि सुरुवातीला कडेचं तापमान वरखाली हेलकावू शकतं. 0.4 सुरक्षित आहे.

डिचोलीकर_सुनीता
मध्ये बोलते, माफ करा. Bi काढताना L म्हणजे 40 की 20? आमच्या वर्गात यावरून नेहमी घोळ होतो.

म्हापशाचे_काका
सुनीताताई, दोन्ही बाजूंना हवा असेल तर 20, मधली रेषा उष्णता जाऊ देत नाही म्हणून. शीट एका बाजूने जाड थर्माकोलवर टेकवली असेल तर 40. प्रोग्रॅम आणि सिरीज दोन्हीकडे एकच चुकीचा L घातला तर उत्तरं छान जुळतात आणि तरीही चूक असतात. जुळणीने ही चूक पकडली जात नाही.

फोंड्याची_मेक
काका, ओळ बदलली! 10 भागांनाच मध्य 68.62 आला (सिरीज 68.63) आणि पृष्ठभाग 55.21 (सिरीज 55.23). भाग वाढवले की फरक चौथाईच्या जवळपास होत जातो.

आता सिरीजबद्दल विचारते. t = 0 ला पृष्ठभागावर सिरीज 80 द्यायला हवी ना? माझ्या चार पदांनी 77.15 येतं. आणि मुळं काढताना `brentq` मधूनच 1.5708 असं मूळ देतो, ते मी हाताने काढून टाकते.

म्हापशाचे_काका
1.5708 म्हणजे पाय भागिले दोन, आणि ते मूळ नाहीच. तिथे tan वरून अनंताला जातो आणि खालून परत येतो. चिन्ह बदललं म्हणून `brentq` ला तिथे शून्य आहे असं वाटतं. tan वापरूच नकोस, cos ने गुणून घे. मग प्रत्येक मूळ आपल्या ठरलेल्या घरात सापडतं:

```python
f = lambda z: z*np.sin(z) - Bi*np.cos(z)
z = np.array([brentq(f, n*np.pi, (n+0.5)*np.pi)
              for n in range(40)])
C = 4*np.sin(z)/(2*z + np.sin(2*z))
```

Bi = 1 ला पहिलं मूळ 0.8603 आणि पहिला C 1.1191 आला पाहिजे. उष्णतावहनाच्या कुठल्याही पुस्तकातल्या तक्त्यात हे आकडे असतात, पडताळून घे.

77.15 ही चूक नाही. t = 0 ला घातांकी पद प्रत्येक ठिकाणी 1 असतं, त्यामुळे पुढची पदं मरत नाहीत आणि पृष्ठभागावर बेरीज अगदी हळू भरत जाते. चाळीस पदांनीही ती 80 ला थोडी कमीच राहील. Fo 0.5 ला मात्र तिसरं पद दहा लाखांत एकाहूनही लहान होतं, दोन पदं पुरतात. म्हणून सुरुवातीच्या पाच-दहा सेकंदांना सिरीजशी जुळणी करताना फरक कुणाचा आहे ते आधी ठरव: पदं 40 वरून 80 केल्यावर आकडा हलला तर तो सिरीजचा.

सिरीजवर अजिबात न टेकणारी एक तपासणी अजून कर. दर पायरीला हवेत गेलेली उष्णता बेरजेत घालत जा आणि शेवटी शीटमधून कमी झालेल्या उष्णतेशी ताड. दोन्ही टोकांच्या नोडना अर्धं वजन देऊन बेरीज केलीस तर नव्या ओळीने दोन्ही आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळायला हवेत. जुन्या ओळीने ते जुळले नसते, आणि सिरीज न काढताही हरवलेला थर सापडला असता.

वास्कोचा_कोडर
पण खऱ्या शीटला h = 10 कायम कसा राहील? उभ्या शीटला नैसर्गिक हवा, वर रेडिएशन. 80 ला असताना h जास्त, 40 ला आली की कमी. सिरीज तर h स्थिर धरते. मग मोजमापाशी जुळणार कसं?

फोंड्याची_मेक
तेच पुढचं काम आहे. मध्यात आणि पृष्ठभागावर थर्मोकपल लावणार आहे. h कसा काढावा?

म्हापशाचे_काका
Fo 0.2 च्या पुढे व्यवहारात पहिलंच पद उरतं. तेव्हा पृष्ठभाग आणि मध्य, दोघांचं हवेपेक्षा जास्तीचं तापमान घेऊन भागाकार केलास तर तो थेट पहिल्या मुळाचा cos असतो. Bi = 1 ला 0.652. त्यावरून मूळ, मुळावरून Bi. मग मध्याच्या त्याच जास्तीच्या तापमानाचा लॉग वेळेसमोर काढ, त्याच्या उतारावरून अल्फा मिळेल. पुस्तकातला अल्फा तुझ्या शीटला लागू पडतो की नाही तेही कळेल. भागाकार वेळेनुसार सरकत गेला तर h बदलतो आहे असं समज.

वास्कोचा_कोडर
काका, पृष्ठभागावरच्या थर्मोकपलवर माझा विश्वास नाही. अर्धा हवेत, अर्धा टेपखाली, तो पृष्ठभागापेक्षा कमीच दाखवणार. मग भागाकार कमी आणि Bi फुगलेला येईल. त्यापेक्षा 5 मिमी आत भोक पाडून बसवावा.

म्हापशाचे_काका
भोकात हवेची पोकळी राहिली तर तोही खोटं बोलेल. मी तर बारीक तारेचा घेऊन पृष्ठभागावर खाच पाडून त्यात बसवीन. दोन्ही करून बघ पोरी, आणि आकडे इथेच टाक.