एनसी फॉर्मच्या मराठीत ‘दुरुस्ती’ दोनदा का?

धागाकर्ता: ऑडिट चेकलिस्ट आणि एनसी फॉर्म, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेली ‘नॉनकन्फॉर्मिटी’, न पाळलेली अट, नोंदवायचा फॉर्म, मराठीत आणणं म्हणजे नुसता वेळेचा अपव्यय. शब्दाला शब्द ठेवून सगळं उतरवलं, तरी शॉपवरून येणारी उत्तरं आधीसारखीच उथळ. इंग्रजीच राहू द्या, गोंधळ निदान एकाच भाषेत होईल.

गेजवाला: उत्तरं उथळ येतात कारण तुमच्या फॉर्ममध्ये दोन रकान्यांना एकच नाव पडलंय, पैज लावा. ‘करेक्शन’ म्हणजे दुरुस्ती आणि ‘करेक्टिव्ह ॲक्शन’ म्हणजे दुरुस्तीची कृती. आता सुपरवायझरने दोन्हीकडे ‘मायक्रोमीटर कॅलिब्रेट केला’ लिहिलं, तर त्याचं काय चुकलं?

हेच उदाहरण घ्या. अंतिम तपासणीच्या टेबलावर ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर, लेबलवरची कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलेली. पहिल्या रकान्यात हवं ते असं: मायक्रोमीटर बाजूला काढला, कॅलिब्रेट करून घेतला, आणि त्यात चूक सापडली तर त्यावर मोजलेला माल पुन्हा पाहिला. समजा तो ०.०१ मिमी कमी दाखवत होता आणि जॉबचं माप २०.०० ± ०.०२. मग २०.०२ म्हणून पास झालेला नग प्रत्यक्षात २०.०३ आहे, म्हणजे मर्यादेबाहेर. आयएसओ ९००१ चं कलम ७.१.५.२ आधीच्या मोजमापांचं काय ते ठरवायला लावतं. मराठी फॉर्मवर हा भाग हमखास गळतो, कारण ‘दुरुस्ती’ म्हटलं की मनात फक्त मायक्रोमीटर येतो, माल येत नाही.

दुसऱ्या रकान्यात तारीख हुकली का, ते हवं. नवं उपकरण खरेदीतून थेट टेबलावर गेलं आणि कॅलिब्रेशनच्या यादीत त्याची नोंदच झाली नाही, असं निघालं तर बदल उपकरण स्वीकारण्याच्या पद्धतीत करावा लागेल. मथळ्यात नाम कशाला हवं? सरळ प्रश्न छापा: ‘लगेच काय केलं? आधीच्या मालाचं काय?’ आणि ‘हे पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं?’

शब्दनिष्ठ: प्रश्न छापायचे म्हणजे भाषांतर सोडून देणं. ‘सुधारात्मक कृती’ हा नेमका शब्द असताना पळवाट का काढायची? आणि ‘कॅलिब्रेशन’ कशाला, ‘अंशांकन’ आहे ना!

गेजवाला: लेबलवर काय छापलेलं असतं?

शब्दनिष्ठ: लेबलही बदला!

लेथबाजू: लेबलं बदला, मग प्रयोगशाळेचं प्रमाणपत्रही बदला. ऑपरेटरला ‘अंशांकनाची मुदत’ विचारा, तो स्टोअरकडे बोट दाखवेल. मात्र ‘नॉनकन्फॉर्मिटी’ला ‘दोष’ म्हणणाऱ्यांचं मला जास्त खटकतं. मराठीत दोष माणसाला लागतो. तो शब्द वाचला की समोरचा पुरावा दाखवायचा सोडून सफाई द्यायला लागतो.

शब्दनिष्ठ: म्हणूनच ‘अननुरूपता’.

लेथबाजू: तोंडी उच्चारून दाखवा एकदा, तीनदा सलग.

नवखा ऑडिटर: शब्दांवरून भांडताय, पण आमच्या चेकलिस्टमध्ये वेगळीच अडचण आहे. ‘मुदत संपलेली उपकरणं वापरात नाहीत ना?’ याला सगळे ‘होय’ लिहितात. म्हणजे सगळं ठीक आहे, बरोबर?

गेजवाला: तेच कळत नाही. ‘होय, नाहीत’ की ‘होय, आहेत’? नकारार्थी प्रश्न मराठीत आणला की होय-नाहीचा रकाना निकामी होतो. त्यापेक्षा ‘टेबलावरची पाच उपकरणं घ्या, लेबलवरचा क्रमांक आणि तारीख लिहा’ असं छापा. तिथे ‘होय’ लिहिताच येत नाही. पुराव्यातही ‘मायक्रोमीटर कॅलिब्रेट नव्हता’ लिहू नका, तो तुमचा निष्कर्ष झाला. लेबलवर कोणती तारीख दिसली ते लिहा.

धागाकर्ता: ठीक, दोन रकान्यांचं मान्य. आमच्या फॉर्ममध्ये खरंच दोन्हीकडे ‘दुरुस्ती’ आहे. पण मानकातल्या इंग्रजी ‘शॅल’चं काय? सगळीकडे ‘करावे’ छापलंय, आणि लोक म्हणतात, हा तर सल्ला आहे.

शब्दनिष्ठ: ‘करावे’ आज्ञार्थीच आहे. सरकारी परिपत्रकं वाचा.

गेजवाला: परिपत्रकात चालतं, तिथे खाली सही असते. इथे ‘शॅल’ आणि ‘शुड’ दोन्हींना ‘करावे’ लावलं, तर सक्ती कुठली आणि शिफारस कुठली हे ओळखायचं कसं? ‘शॅल’ला ‘करणे बंधनकारक’, ‘शुड’ला ‘करावे’. ऐकायला रुक्ष आहे, पण एनसी फक्त बंधनकारक गोष्टीवरच निघते.

शब्दनिष्ठ: रुक्ष आहे हे तुम्हीच कबूल केलंत, तेवढं पुरे. ‘बंधनकारक’ घ्या. ‘अंशांकन’ मी सोडणार नाही.

लेथबाजू: सोडू नका, फक्त लेबलं छापायचा खर्च तुमच्याकडे.

नवखा ऑडिटर: पाचच उपकरणं का? टेबलावर चाळीस असली तर?