मदत हवी: १ आणि २ जानेवारीची कापूस आवक डिसेंबरच्या आठवड्यात जातेय

परभणीचा_जिनर
जिनिंगच्या आवकेचा आठवडावार तक्ता करतोय. २०२२ चा ५२ वा आठवडा उगाच फुगलाय. आत बघितलं तर १ आणि २ जानेवारी २०२२ चा कापूस त्यातच! तारखा बरोबर आहेत. मालकांना आज संध्याकाळी द्यायचाय, लवकर सांगा.

जालन्याचा_हिशेबनीस
तक्ता कशात आहे? आठवडा कोणत्या सूत्रानं काढलाय ते टाका की आधी.

परभणीचा_जिनर
एक्सेलच की. `ISOWEEKNUM`, शेजारी `YEAR`, दोन्ही जोडून बेरीज.

लातूरकर
ते काढा, साधं `WEEKNUM` टाका. १ जानेवारी ज्या आठवड्यात तो पहिला, भानगडच नाही. आमच्या डाळ मिलचं असंच चालतं.

जालन्याचा_हिशेबनीस
लातूरकर, जानेवारी डिसेंबरात जाणार नाही हे खरं. पण `WEEKNUM` रविवारपासून मोजतं आणि १ जानेवारी २०२२ ला शनिवार होता. म्हणजे पहिला आठवडा एकाच दिवसाचा. त्याची तुलना सात दिवसांच्या आवकेशी कशी करणार?

जिनर, `ISOWEEKNUM` आठवडा तोडत नाही. सोमवार ते रविवार, आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात तो सबंध आठवडा त्या वर्षाचा, कारण गुरुवार जिकडं तिकडं किमान चार दिवस असतातच. तुमच्या आठवड्याचा गुरुवार ३० डिसेंबर २०२१. म्हणून १ आणि २ जानेवारी हे २०२१ च्या ५२ व्यातले. तुमच्या `YEAR` नं मात्र त्यांना २०२२ लावलं, आणि ते खऱ्या डिसेंबर २०२२ च्या ५२ व्यात जाऊन मिसळले. वर्षही गुरुवारचंच घ्या:

```
=YEAR(A2-WEEKDAY(A2,2)+4)
```

हिंगोली_मोंढा
आमच्याकडं कॅलेंडर रविवारपासूनच असतं. मोबाइलमध्ये हे आठवड्याचे नंबर कुठं दिसतात?

परभणीचा_जिनर
दादा, मोबाइलचं नंतर. हिशेबनीस, जमलं, ५२ वा उतरला. पण डिसेंबर २०२४ चे शेवटचे दोन दिवस आता २०२५ च्या पहिल्यात दिसतायत?

जालन्याचा_हिशेबनीस
बरोबरच आहे. ३० डिसेंबर २०२४ ला सोमवार, गुरुवार २ जानेवारीला. आधी हेच दोन दिवस जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात घुसले असणार, बघा.

परभणीचा_जिनर
होय, घुसले होते! आता २०२० ला ५३ आठवडे आणि २०२१ ला ५२. तुलनेत ५३ व्याचं काय करू?

लातूरकर
५२ व्यात मिळवून टाका.

जालन्याचा_हिशेबनीस
नका मिळवू, चौदा दिवसांचा आठवडा होईल. मी तो वेगळाच दाखवतो. २०२६ लाही ५३ येणार आहेत, तेव्हा मालकांना आत्ताच विचारून ठरवा.

लातूरकर
मालकाला वर्षाची बेरीज जुळलेली हवी असते, आठवडा नाही.